‘नाही’ला जागा ठेवणारं पत्र

(ओवे येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)



आजचा विषय ऐकून समोरच्या काही चेहऱ्यांवर हसू आलेलं मला दिसतंय. मागच्या रांगेतल्या मुलामुलींनी एकमेकांना कोपरखळ्याही मारल्या. मारू द्या. विषय आहे : आपल्याबरोबर शिकणाऱ्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला, ‘तू मला आवडायला लागली आहेस’, ‘आवडायला लागला आहेस’ असं कळवणारी चार ओळींची चिठ्ठी. तीही अशी, की समोरच्याला ‘नाही’ म्हणायची पूर्ण मोकळीक राहील. इतिहासाच्या व्याख्यानमालेत हे कुठून आलं, असं वाटेल. पण माझं म्हणणं असं की या चार ओळींमागे आपल्याकडे जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो बराचसा ‘हो’चा नसून ‘नाही’चा आहे.

आपण ओव्यात बसलो आहोत. इथल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, आज जिथे सेक्टर आणि टॉवर आहेत तिथे भातशेती होती. 1970 साली सिडको आली आणि पुढे सगळंच बदललं. त्या जुन्या ओव्यात, आणि आजूबाजूच्या सगळ्या आगरी गावांत, लग्न लावायला धवलारीण असायची. ती धवले गायची आणि विधी पुढे न्यायची. म्हणजे लग्नात बाईच्या आवाजाला मोठा मान होता. पण लग्न ठरवताना? मागणी घालायची ती वडीलधाऱ्यांनी, होकार द्यायचा तोही वडीलधाऱ्यांनी. नवऱ्यामुलीला कुणी विचारत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नवऱ्यामुलालाही फारसं विचारत नव्हतं. हे फक्त आगऱ्यांचं नाही. ब्राह्मण, मराठा, प्रभू, सगळीकडे रीत तीच.

आता बघा, ज्या माणसाला कुणी विचारलंच नाही तो ‘नाही’ तरी कुणाला म्हणणार? विचारणं आणि नाकारणं ही जोडी आहे. म्हणून गोष्टीची सुरुवात मी एका नकारापासून करतो.

1876 साली मुंबईत रखमाबाई नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीचं लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झालं. ती सासरी नांदायला गेली नाही. आईकडे, सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्या घरी राहिली, वाचायला-लिहायला शिकली. 1884 मध्ये दादाजींनी हायकोर्टात दावा लावला, की बायकोला माझ्या घरी पाठवा. रखमाबाईंचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की हे लग्न माझ्या समजुतीच्या वयात, माझ्या संमतीनं झालेलं नाही. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला. मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला, की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाते.

सगळा महाराष्ट्र या एका ‘नाही’वर भांडत होता. टिळकांची वर्तमानपत्रं रखमाबाईंच्या विरोधात होती. शेवटी 1888 मध्ये तडजोड झाली, दादाजींना दोन हजार रुपये दिले गेले आणि त्यांनी दावा सोडला. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत, राजकोटला त्यांनी आयुष्यभर काम केलं.

मी ही गोष्ट सांगतो ती किमतीसाठी. ‘नाही’ या दोन अक्षरांची 1888 सालची किंमत लक्षात घ्या : चार वर्षांचा खटला, गावभर बदनामी, तुरुंगाची तयारी आणि दोन हजार रुपये. ज्या समाजात नकार इतका महाग असतो तिथे ‘तुला वाटत नसेल तर नाही म्हण’ हे वाक्य लिहिण्यात काही अर्थ नसतो. ते वाक्य खरं व्हायला आधी नकार स्वस्त व्हावा लागतो. पुढची चाळीस वर्षं हळूहळू तेच घडत गेलं.

1891 मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि वयाची मर्यादा दहावरून बारा झाली. आज ऐकताना अंगावर काटा येतो, पण त्यावरसुद्धा पुण्यात केवढं रण माजलं होतं. 1929 च्या सारडा कायद्याने लग्नासाठी मुलीचं वय चौदा आणि मुलाचं अठरा ठरवलं. दरम्यान 1884 मध्ये पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा सुरू झाली, 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं. 1888 मध्ये कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजातून मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात एक नवं नातं जन्माला आलं, ज्याला मराठीत तोवर नावच नव्हतं. ते म्हणजे एका कॉलेजात शिकणारी, नात्यातली नसलेली, लग्न न झालेली, साधारण एका वयाची मुलगा आणि मुलगी. वर्गभगिनी, वर्गबंधू असे शब्द लोकांनी तयार केले. त्यात ‘भगिनी’ आणि ‘बंधू’ का घातलं असेल, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. (हशा)

त्या काळच्या आठवणी वाचल्या तर चित्र असं दिसतं, की मुली पुढच्या बाकांवर बसायच्या, प्राध्यापकांबरोबर वर्गात यायच्या आणि त्यांच्याबरोबरच बाहेर पडायच्या. बोलायचं तर ‘मिस अमुक’, ‘मिस्टर तमुक’. समोरासमोर मनातलं बोलायची सोय नव्हती. मग उरलं पत्र.

आता इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मजा इथेच आहे. आपल्याकडे पत्र लिहायचं म्हणजे आधी मायना लागतो. वडिलांना ‘तीर्थरूप’, वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’, धाकट्यांना ‘चिरंजीव’, बाहेरच्या पुरुषाला ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजश्री. बाईला काय? लग्न झालेली असेल तर ‘सौ.’, विधवा असेल तर ‘गं. भा.’ म्हणजे गंगाभागीरथी. पुढे ‘सा. न. वि. वि.’, साष्टांग नमस्कार विनंती विशेष. मायना बघितला की लिहिणारा मोठा की धाकटा, नातं काय, सगळं कळायचं. कारकुनापासून सरदारापर्यंत प्रत्येकाला मायना होता.

नव्हता तो एकीलाच. विशीच्या आतबाहेरची, लग्न न झालेली, नात्यातली नसलेली आणि आपल्या बरोबरीची मुलगी. तिला ‘चिरंजीव’ म्हणावं तर आपण तिचे काका होतो. ‘सौ.’ म्हणता येत नाही. नमस्कार करावा की आशीर्वाद द्यावा? भाषेतच बरोबरीच्या मुलीसाठी खुर्ची ठेवलेली नव्हती. मग इंग्रजी पत्रातल्या ‘डिअर’च्या जागी ‘प्रिय’ आलं. पण इंग्रजीत ‘डिअर’ बँकेच्या मॅनेजरलाही चालतं. मराठीत ‘प्रिय’ लिहिलं की पहिल्याच शब्दात सगळं सांगून झालं!

दुसरी अडचण सर्वनामाची. इंग्रजीत ‘यू’ लिहून मोकळं होता येतं. मराठीत पहिल्या ओळीतच ठरवावं लागतं, तू, तुम्ही की आपण. ‘तू’ लिहिलं तर न दिलेली जवळीक घेतल्यासारखी होते. ‘आपण’ लिहिलं तर अर्ज केल्यासारखं वाटतं. त्यामुळे मराठी पत्रात ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कोण आधी येतो, कधी येतो आणि दुसरं माणूस त्याला कसं उत्तर देतं, यालाच मोठा अर्थ असायचा. एकानं ‘तू’ लिहावं आणि दुसरीनं पुढच्या पत्रात ‘तुम्ही’च ठेवावं, हा सुद्धा नकार होता. अतिशय सभ्य, एका अक्षराचं भांडण न करता दिलेला.

तिसरी अडचण पोस्टाची. 1879 पासून पाव आण्याचं पोस्टकार्ड मिळत होतं. स्वस्त, पण उघडं. पोस्टमन वाचणार, वसतिगृहात देणारा वाचणार, घरी आलं तर आजोबा मोठ्यानं वाचून दाखवणार. म्हणून पाकीट. पण तरुण मुलीच्या नावानं बंद पाकीट आलं, हीसुद्धा एक बातमीच. पत्र पाठवणाऱ्याला हा विचार करावाच लागायचा, की माझ्या पत्राने तिच्यावर काय ओढवेल? हा प्रश्न लक्षात ठेवा. आपण परत त्याच्याकडे येणार आहोत.

अशा काळात ज्या एका जोडीची पत्रं आपल्याला पुस्तकरूपाने वाचायला मिळतात, ती जोडी म्हणजे कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे. आत्माराम रावजी देशपांडे यांचा जन्म 1901 चा, मूर्तिजापूरचा. कुसुम जयवंत यांचा जन्म 1904 चा, अमरावतीचा. दोघंही वऱ्हाडातून पुण्याला शिकायला आलेली. ती हुजूरपागेत शिकून फर्ग्युसनमध्ये आली, तो तिथे आधीपासून होता. म्हणजे काटेकोरपणे एका बाकाचे वर्गमित्र नव्हेत, एका कॉलेजचे. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला ओळख झाली, पत्रं सुरू झाली. जाती वेगळ्या होत्या. लग्न झालं 1929 मध्ये. या पत्रांचं पुस्तक ‘कुसुमानिल’ या नावाने 1972 मध्ये आलं, तेव्हा कुसुमावतींना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

या सात-आठ वर्षांकडे लोक सहसा ‘केवढी ही वाट पाहिली’ म्हणून बघतात. मी जरा वेगळ्या बाजूने बघतो. या काळात कुसुमावती पुण्याहून नागपूरला गेल्या, पदवीधर झाल्या, मग इंग्रजी साहित्य शिकायला लंडनला गेल्या. म्हणजे मध्ये समुद्र होता. पत्राला उत्तर न देणं सोपं होतं. घरच्यांचं निमित्त तयार होतं, जातीचं निमित्त तयार होतं, शिक्षणाचं निमित्त तयार होतं. मोडायचं असतं तर कुणीही एक शब्दानं दोष दिला नसता. इतक्या दारांतून बाहेर पडता येत असताना जी व्यक्ती राहते, तिचा ‘हो’ खरा. आणि हे फक्त मनाच्या मोठेपणावर झालं नाही. तिच्याजवळ शिक्षण होतं, स्वतःचं पुढचं आयुष्य होतं. नकार दिला असता तरी तिचं काही अडलं नसतं. पुढे त्या नागपुरात इंग्रजीच्या प्राध्यापक झाल्या, मराठीतल्या मोठ्या समीक्षक झाल्या, 1961 मध्ये ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या पहिल्या स्त्री अध्यक्षा झाल्या.

रखमाबाई ते कुसुमावती हे अंतर चाळीस वर्षांचं आहे. पहिलीला ‘नाही’साठी कोर्टात जावं लागलं. दुसरीला नुसतं पत्राचं उत्तर टाळलं असतं तरी पुरलं असतं. मघाशी मी म्हटलं की नकार स्वस्त व्हावा लागतो, तो असा.

याच सुमाराला कायद्यातही एक गोष्ट झाली. 1872 च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर दोघांनाही आपण हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही असं लिहून द्यावं लागे. नागपूरच्या हरिसिंग गौर यांनी 1923 मध्ये त्यात दुरुस्ती करून घेतली, आणि धर्म न नाकारता दोन जातींतल्या हिंदूंना या कायद्याने लग्न करता येऊ लागलं. म्हणजे ‘हो’ म्हणणंही जरा स्वस्त झालं.

आता इथे थांबलो तर गोष्ट गोड होईल. पण इतिहास इथे थांबत नाही. 1990 च्या मार्चमध्ये, इथून फार लांब नाही, उल्हासनगरला, दहावीच्या परीक्षेला बसलेल्या एका मुलीला परीक्षा केंद्रात घुसून जाळलं गेलं. कारण तिने एका मुलाला नकार दिला होता. माझ्या पिढीतल्या मुलींच्या आयांना तो दिवस आठवतो. 2020 च्या फेब्रुवारीत हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेच्या बाबतीत तेच झालं, भर रस्त्यात. नावं मी घेत नाही, घ्यायची गरजही नाही.

हे मी भीती घालायला सांगत नाही. पण मुलग्यांनो, हे समजून घ्या, की तुम्ही अगदी साध्या मनानं जी चिठ्ठी लिहिता ती वाचणाऱ्या मुलीच्या डोक्यात उल्हासनगर असतं. तिला तुम्ही कोण हे माहीत असतं, पण नकारानंतर तुम्ही कोण होणार हे माहीत नसतं. म्हणून कितीतरी मुली ‘नाही’ म्हणतच नाहीत. ‘आत्ता अभ्यास आहे’, ‘घरचे रागावतील’, ‘आपण चांगले मित्र आहोत ना’ असं म्हणतात. हे सगळे ‘नाही’च आहेत, जपून बोललेले. त्यांना ‘बघू’ समजणं ही मुलांची सगळ्यात जुनी चूक. आपल्या सिनेमांनीही ती चूक मोठ्या कौतुकानं शिकवली, की मागे लागत राहा, एक दिवस ती मानेल.

कायद्यानं यावर बोट ठेवलं 2013 मध्ये. तेव्हा दंडविधानात 354ड हे कलम आलं. आता 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत ते 78 वं कलम आहे. त्याचा गाभा फार साधा आहे : बाईने रस नसल्याचं स्पष्ट दाखवल्यावरही पुरुषाने तिच्याशी पुन्हा पुन्हा संपर्क साधणं, साधायचा प्रयत्न करणं, हा गुन्हा आहे. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, पुन्हा केला तर पाच. लक्षात घ्या, एकदा सभ्यपणे विचारणं हा गुन्हा नाही. उत्तर मिळाल्यावर परत परत येणं हा गुन्हा आहे.

आता आपण चिठ्ठीकडे येऊ. इतिहासाच्या मास्तरला कागद समोर ठेवल्याशिवाय चैन पडत नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने काही काळापूर्वी मला स्वतःहून दोन मसुदे दाखवले. त्याच्या परवानगीनं, नावगाव काढून, थोडे बदलून वाचतो. पहिला असा होता :

‘तुझ्याशिवाय मला काहीच सुचत नाही. रात्रभर झोप नाही, अभ्यास होत नाही. माझ्यासारखं प्रेम तुझ्यावर कुणीच करणार नाही. प्लीज नाही म्हणू नकोस. मैत्री तुटली तर मी कोलमडेन. उद्यापर्यंत उत्तर दे, मी वाट बघतोय.’

खोटं यात एकही वाक्य नाही, पोराची खरंच झोप उडाली होती. पण वाचणारीच्या जागी बसून बघा. झोप उडाली, म्हणजे दोष कुणाचा? कोलमडलास, तर जबाबदारी कुणाची? उद्यापर्यंत, म्हणजे रात्रभर आता तिची झोप गेली. आणि ‘नाही म्हणू नकोस’, म्हणजे विचारता विचारताच उत्तर काढून घेतलं. प्रत्येक ओळीनं एकेक दार लावलंय. मी त्याला एवढंच विचारलं, की तिला नाही म्हणायचं असेल तर या मजकुरातून बाहेर पडायची वाट कुठे आहे? तो बराच वेळ बघत बसला. चार दिवसांनी त्यानं दुसरा मसुदा आणला :

‘एक गोष्ट सांगायची होती. समोर बोललो असतो तर तुला लगेच काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं, म्हणून लिहितोय. प्रोजेक्टच्या निमित्ताने आपण चार महिने एकत्र काम करतोय. तू मैत्रीण म्हणून आवडायचीसच, आता त्याहून जास्त आवडायला लागली आहेस. तुला तसं वाटत नसेल तर नुसतं नाही लिहिलंस तरी पुरे, कारण सांगायची गरज नाही. उत्तरच दिलं नाहीस तर मी ते नाही समजेन आणि परत विचारणार नाही. प्रोजेक्टचं काम ठरल्याप्रमाणे चालेल. तुला गट बदलावासा वाटला तर मी बदलून घेईन. हे मी वर्गात कुणाला सांगितलेलं नाही.’

एवढंच. आता त्यातले तीन मुद्दे बघू.

पहिला मुद्दा व्याकरणाचा, आणि इथे मराठी आपल्या मदतीला येते. ‘मला तू आवडतेस.’ वाक्याची रचना बघा, ‘मला’. भूक लागते मला, थंडी वाजते मला, तसंच आवडतंही मला. जे घडतंय ते माझ्याकडे घडतंय. समोरच्या माणसाने त्यासाठी काही केलेलं नाही आणि काही करायलाही पाहिजे असं नाही. चांगली चिठ्ठी या ‘मला’जवळ थांबते. ‘तुझ्यामुळे माझं असं झालं’ म्हटलं, की तीच भावना उधारीसारखी दुसऱ्याच्या खात्यावर जाते.

दुसरा मुद्दा, गप्प बसण्याचा अर्थ आधीच ठरवून देणं. हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे, आणि हल्ली तर फारच. पूर्वी पत्राचं उत्तर यायला आठवडा लागायचा, लंडनहून यायला कितीतरी जास्त. त्या वेळात माणूस विचार करू शकायचा. आता दोन निळ्या खुणा आल्या की घड्याळ सुरू. वाचलं, मग उत्तर का नाही? ऑनलाइन आहे, मग बोलत का नाही? पोस्टाने जो वेळ फुकट दिला होता तो फोनने काढून घेतला, म्हणून आता तो शब्दांत लिहून द्यावा लागतो. ‘उत्तर दिलं नाहीस तर ते नाही समजेन’ हे वाक्य तिला अवघड शब्द उच्चारण्यातून सोडवतं. पण ते लिहिलं तर पाळावं लागतं. तीन दिवसांनी ‘वाचलंस का?’ असा मेसेज गेला, की आधीचं सगळं खोटं ठरलं.

तिसरा मुद्दा, नकाराची किंमत कोण भरणार. मघाशी मी पोस्टकार्डाचा प्रश्न लक्षात ठेवायला सांगितला होता, की माझ्या पत्राने तिच्यावर काय ओढवेल? वर्गमैत्रीण आणि अनोळखी व्यक्ती यांत हाच फरक आहे, की नकारानंतरही दोघांना रोज एकाच वर्गात बसायचं असतं. जर्नल, प्रोजेक्ट, ग्रुप, येता-जाताची बस, सगळं सामाईक. म्हणून ‘गट बदलावासा वाटला तर मी बदलून घेईन’. गैरसोय व्हायचीच असेल तर ती विचारणाऱ्याची होईल, उत्तर देणाऱ्याची नाही. आणि ‘कुणाला सांगितलेलं नाही’. पूर्वी उघडं पोस्टकार्ड होतं, आता मित्रांचा ग्रुप आणि स्क्रीनशॉट आहे. वर्गाला आधी कळलं की तिचं उत्तर तिचं राहत नाही, ते सगळ्यांच्या करमणुकीचं होतं. हेच मुलींनीही पाळायचं. मुलाचा आलेला मजकूर चार जणींत फिरवू नये, तो साधा आणि सभ्य असेल तर मुळीच नाही.

कुणी म्हणेल, अहो, एवढं तोलूनमापून लिहिलं तर त्यात प्रेम कुठे राहिलं? मला वाटतं ‘चार महिने एकत्र काम करतोय’ या वाक्यात ते आहे. तिच्याबद्दल खरं काहीतरी माहीत असलेला माणूस तो लिहू शकतो. पहिल्या मसुद्यात ती मुलगी कुठेच नव्हती, सगळा तोच होता.

काही जण विचारतील, पुढे काय झालं? तिनं दुसऱ्या दिवशी ‘नाही’ लिहिलं. सोबत ‘असं विचारलंस म्हणून बरं वाटलं’ असंही लिहिलं. गट तिने बदलला नाही. तो काही दिवस जेवला नाही नीट, त्याच्या आईनं मला सांगितलं. प्रोजेक्ट झाला. गोष्ट इतकीच आहे. रखमाबाईंच्या ‘नाही’ला चार वर्षं लागली होती, या मुलीच्या ‘नाही’ला एक दिवस लागला, आणि त्यानंतर ती त्याच बाकावर येऊन बसू शकली. मी इथे इतिहास शिकवतो, म्हणून मला ती घटना मोठी वाटते.



श्रोत्यांचे प्रश्न

*एक विद्यार्थिनी : सर, तुम्ही सगळं मुलग्यांना सांगितलंत. मुलीनं आधी लिहिलं तर?*

बरोबर आहे, माझ्या बोलण्यात ते राहिलं. मुलीनं आधी लिहायला काहीच हरकत नाही, आणि नियम तेच. मुलग्यालाही ‘नाही’ म्हणायची मोकळीक हवी. त्याला मित्र चिडवतात, ‘एवढी आली विचारायला आणि तू नाही म्हणतोस?’ तोही दबावच. फक्त एक गोष्ट वेगळी : मुलीच्या हातचं लिहिलेलं दुसऱ्याच्या फोनमध्ये राहतं, आणि ते तिच्याविरुद्ध वापरलं जायची शक्यता आपल्या समाजात जास्त आहे. म्हणून कुणाला लिहितोय हे पारखून लिही. लिहू नकोस असं मी म्हणणार नाही.

*एक पालक : पण ही शाळेतली मुलं. त्यांनी असलं काही लिहावंच कशाला?*

तुमची काळजी मी समजू शकतो. आवडणं आपण थांबवू शकत नाही, ते तुमच्या-माझ्या शाळेतही होत होतं. पण अठरा वर्षांखालच्यांसाठी 2012 चा पॉक्सो कायदा आहे आणि तो कडक आहे. शारीरिक जवळिकीत मुलगी ‘हो’ म्हणाली होती, हे उत्तर त्यात चालत नाही. हे मुलांना घरातच स्पष्ट सांगितलं पाहिजे. आणि एक सांगतो, ज्या घरात मुलीला जेवणाच्या ताटावर ‘मला नको’ म्हणता येतं, पाहुण्यांच्या मांडीवर बसायला ‘नको’ म्हणता येतं, तिला हे बाहेरचं ‘नाही’ही जमतं. तो सराव घरातच होतो.

*एक आजी : आमच्या वेळी कुणी विचारलंच नाही हो. विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, तेच कळत नाही आता.*

(थोडा वेळ थांबून) आजी, माझ्या सगळ्या व्याख्यानात जे मला सांगायचं होतं ते तुम्ही एका वाक्यात सांगितलंत. याच्यावर मी काही बोलत नाही.